कठड्याचा ठराव

सोलापुरात विणकरांच्या सोसायटीवर मी पंच होतो. सूत रंगवायला जिथून पाणी काढायचे, त्या विहिरीचा कठडा ढासळला होता. तो दगडाचा बांधायचा की विटेचा, यावर मी बैठकीत तासभर भांडलो. माझा दगड हरला. चिटणीस मास्तरांना म्हणालो, "माजं बोलणं शब्द न शब्द लिवा की."

"दादा, वहीत ठराव लिहायचा आणि काम कोणाचं ते. तुमचं भांडण लिहायला वही पुरायची नाही."

त्यांनी लिहिलं, विटेचा कठडा पुढच्या बैठकीआधी बांधावा. जबाबदारी म्हणून माझं नाव. दुसऱ्यांचा ठराव मी का पाळावा, म्हणून महिनाभर मी एक वीट हलवली नाही. त्याच महिन्यात रंगाऱ्याची बायको पाणी शेंदताना आत पडली. जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला.

पुढच्या बैठकीत रीतीप्रमाणे आधी मागचं इतिवृत्त वाचलं. वहीत दोनच ओळी होत्या: विटेचा कठडा, आणि माझं नाव. माझं तासभराचं बोलणं वहीत असतं, तर मी त्याच्याआड दडलो असतो.

मास्तरांनी विचारलं, "काही दुरुस्ती?"

"न्हाय," मी म्हणालो. "बरोबर लिवलंय."

सकाळी मी विटा आणायला गेलो.