जाहीरनाम्यात राहिलेली ओळ

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका रात्री पडवीत बसून शेंगा फोडणं. मी फोडत होतो, बायको दाणे निवडत होती आणि पोरगी जाहीरनामा वाचून दाखवत होती. कराडच्या कॉलेजात ती वर्गप्रतिनिधीला उभी होती. तवा अजून वर्गात मतं पडायची.

"विद्यार्थी एकतेसाठी झटेन," पोरगी म्हणाली.

"ही एकता कुठल्या गावची गं?" बायको म्हणाली. "काय करणार, कुणाकडं जाणार, कवा करणार, ते लिव्ह."

पोरीनं कागद फाडला आणि नवा लिहिला. एसटी पासचे अर्ज वर्गात गोळा करून एकदम ऑफिसात सही-शिक्क्याला द्यायचे, म्हणजे कुणाचा तास बुडणार नाही. पिण्याच्या पाण्याची टाकी धुतली की तारीख तिच्यावर खडूनं लिहायची. मुलींच्या खोलीला आतून कडी नाही, ती पहिल्या आठवड्यात प्राचार्यांकडून बसवून घ्यायची. कागद कॉलेजच्या फलकावर लागला. त्याच आठवड्यात बायको झोपेतच गेली.

दहाव्याला घाटावर माझी बहीण म्हणाली, "दादा, वरसाच्या आत पोरीचं लगीन उरकू. उद्या अर्ज मागं घ्यायचा शेवटचा दिवस हाय. घे म्हणावं." मी होकाराची मान डोलावली. मला कशातच राम वाटत नव्हता.

पिंड ठेवला. बाभळीवर कावळे होते, पण एकही हलेना, ओरडेना. नदीचासुद्धा आवाज येईना.

"वैनी, तुझ्या लेकीचं सोनं करीन," बहीण म्हणाली. कावळ्यांनी पाठ फिरवली.

"तिला जपीन," मी म्हणालो. काही नाही.

भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तशी पोरगी पुढं झाली. तिनं जाहीरनामाच बोलायला सुरुवात केली. पासाचं सांगितलं, टाकीचं सांगितलं. कडीचं बोलली तसा एक कावळा वाळूत उतरला. पिंडाकडं बघेना, पोरीकडंच बघत राहिला.

"आय, त्या रात्री तू एक सांगितलंस, ते लिहायचं राहिलं," पोरगी म्हणाली. "निवडणुकीत पडले, तरी यातलं सगळं करीन."

कावळ्यानं पिंडाला चोच लावली. बहिणीनं पदर तोंडात धरला. परत लग्नाचं कुणी काढलं नाही. ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही.

तेराव्यापर्यंत बाहेर पडू नये म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उंब्रजहून पहिली एसटी धरली. माझं तासलेलं डोकं बघून शेजारचा उठून मागं गेला. कॉलेजात निवडणूक बघणारे सर म्हणाले, "अर्ज मागे घ्यायला आलात का?"

"न्हाई," मी म्हणालो. "एक वळ ऱ्हायलीय. पेन द्या."

त्यांनी फलकाची काच उघडली. माझी शाळा चौथीपर्यंतची. वाकड्या अक्षरात, उभ्यानंच, मी लिहिलं: पडले तरी करीन.