सोमवारच्या बैठकीतली दहा मिनिटं

जालन्याच्या एका बियाणे कंपनीत मी उगवण तपासणीला होते. बोलायचं काम नव्हतं, म्हणूनच घेतलं होतं ते. बियाणं मान टाकतं किंवा वर काढतं. मत विचारत नाही.

कपाशीचा एक लॉट नापास झाला. तो अडवायला साहेबांची सही हवी. साहेब म्हणाले, "सोमवारी रिव्ह्यूला घेऊ." सोमवारी आधी विक्रीचे काका बोलायचे, कारण ते वयानं मोठे. त्यांच्या दौऱ्याची हकिकत वाटूर फाट्यावरून निघायची आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुंभार पिंपळगावलाही पोचायची नाही. मग उरलेले विषय पुढच्या सोमवारी.

तेवढ्यात साहेब पुण्याहून प्रशिक्षण घेऊन आले आणि त्यांना अजेंडा हवासा वाटला. "तू इंग्लिश मीडियमची. तूच कर." जणू मिनिटं इंग्रजीतच मोजतात.

मी तक्ता केला. विषय, जबाबदार माणूस, वेळ, आणि निर्णय हवा की नुसती माहिती. आधी वाचायच्या कागदांच्या लिंक शेजारी. नापास लॉट पहिला: निर्णय, दहा मिनिटं. ट्रक रवानगी दुसरी, तिच्यापुढे लिहिलं, 'विषय एकच्या निर्णयानंतरच'. काकांचा दौरा शेवटी: माहिती, पंधरा मिनिटं. शनिवारीच सगळ्यांना ईमेल केला.

सोमवारी जवळजवळ सगळे तो छापून घेऊन आले. लिंकही छापल्या होत्या, निळ्या, अधोरेखित. काकांनी एकीवर बोट ठेवलं.

"हे काय उघडून न्हाई राह्यलं, ताई. आन् पंधरा मिनिटं? माझ्या बोलण्याला मीटर लावलं का, रिक्षावानी?"

सगळे हसले. साहेबांनी उदारपणे तोडगा काढला. "मोठ्यांपासूनच सुरू करू. वेळ वगैरे नंतर पाहू."

काका वाटूरला पोचलेही. तेव्हा रवानगीवाले दादा खुर्ची मागं सारून उठले.

"साहेब, खाली ट्रक भरून उभाय. ह्याच्यात माझ्या नावापुढं लिहिलंय, पहिल्याचा निर्णय झाल्यावर. मंग सोडू का उतरवू? ताईचा रिपोर्ट मी वाचला, कॉम्प्युटरवरच. तोच लॉट हाय."

"तोच?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. एवढंच जमलं.

"काका, दोन मिनिटं थांबा," साहेब म्हणाले. रिपोर्ट तिथंच संगणकावर उघडला. दोन पानं. वाचून होईपर्यंत त्यांचा चहाचा कपसुद्धा संपला नाही.

"लॉट थांबवा. ट्रक उतरवा."

दहातली बरीच मिनिटं उरली. काकांनी ती लगेच ताब्यात घेतली. मी मात्र लॉट अडवायच्या कागदावर साहेबांची सही घेऊन दादांच्या मागोमाग खाली गेले. हमाल शिव्या देत पोती उतरवत होते, आणि प्रत्येक पोत्यावरचा लॉट नंबर मी मोठ्यानं वाचत होते.