जिनत मॅडमचं लाल यंत्र

जिनत मॅडम कसब्यातल्या. कोथरूडच्या एका क्लासमध्ये दहावीला गणित शिकवतात. बॉयकट केलेले केस, कपाळावर पांढरी बट, जाड काळ्या फ्रेमचा चष्मा आणि उजव्या कानामागे लालभडक श्रवणयंत्र. दुकानदाराने कातडीच्या रंगाचं, कुणाला दिसणार नाही असं यंत्र पुढे केलं होतं. त्यांनी लाल मागून घेतलं.

यंदा क्लासचे मालक प्रज्ञेश सर यांनी जाहिरातीसाठी सगळ्या शिक्षकांची एआयकडून अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टूनसारखी, चित्रं करून घ्यायचं ठरवलं. मुलांना तसली चित्रं आवडतात. प्रत्येकाने सेल्फी पाठवायचा, बाकीचं काम ऑफिसातली श्रद्धा करणार होती.

मॅडमचं चित्र आलं. मोठे डोळे, खांद्यापर्यंत रेशमी केस, नाजूक चष्मा. यंत्र गायब. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी वाहवा केली. मॅडमनी श्रद्धाला विचारलं, ही बाई कोण?

श्रद्धा ओशाळली. सेल्फी समोरून काढलेला, त्यात कान दिसतच नव्हता आणि एआयने फोटोत किती बदल करायचा, ते प्रमाण तिने जास्त ठेवलं होतं. मग दोघी खिडकीपाशी गेल्या. मॅडमनी मान थोडी वळवून नवा सेल्फी काढला. श्रद्धाने बदलाचं प्रमाण उतरवलं आणि केस, बट, चष्म्याची फ्रेम, लाल श्रवणयंत्र असं सगळं सूचनेत शब्दांत लिहिलं. आता केस जमले, चष्माही जमला. कानात मात्र लाल झुमका आला. पुढच्या खेपेला हेडफोन.

"त्याला श्रवणयंत्र कळत नाहीये, मॅडम," श्रद्धा म्हणाली.

मॅडमनी कळेल असं सांगायला लावलं: कानामागे छोटा लाल तुकडा, त्यातून कानात जाणारी पारदर्शक नळी. बाकीचं चित्र जसंच्या तसं ठेवून श्रद्धाने तेवढा कानाचाच भाग निवडला आणि पुन्हा काढायला लावला. बऱ्याच खेपांनंतर यंत्र जागेवर बसलं. मॅडम चित्राकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि हसल्या.

प्रज्ञेश सरांना ते रुचलं नाही. पहिलं चित्र जास्त प्रसन्न होतं, असं त्यांनी गोडीत सुचवून पाहिलं. मग मुद्द्यावर आले.

"पालक विचारतील, मॅडमना ऐकू येतं का म्हणून."

"विचारू द्या. मला ऐकू येईल."

मॅडमनी शांतपणे सांगितलं, की पहिलं चित्र छापायचं असेल तर त्याखाली माझं नाव नको, आणि त्या बाईलाच गणित शिकवायला बोलवा.

क्लासबाहेर जाहिरातीचा बोर्ड लागला तेव्हा मॅडमचं चित्र खालच्या ओळीत, अगदी कोपऱ्यात होतं. सरांनी तेवढा सूड उगवलाच. पण कोपऱ्यातही लाल रंग रस्त्यापलीकडून दिसत होता. प्रवेशाच्या वेळी एका पालकाने खरंच विचारलं, की कानाला ते काय आहे. मॅडमनी यंत्र काढून त्यांच्या हातावर ठेवलं आणि ते कसं चालतं ते समजावून सांगितलं. मग परत घेऊन कानाला लावलं आणि त्यांच्या मुलीला विचारलं, "बीजगणित किती झालंय तुझं?"