तात्पुरत्या नंबराची शेवटची तारीख

बगदादच्या अल-बया भागात खुदैर अबू मुनाफ पाच शिक्षिकांना रोज सकाळी शाळेत पोचवतो आणि दुपारी परत आणतो. वय अठ्ठावन्न. त्याची छोटी कोरियन गाडी २००९ साली आयात झालेली. घेतली तेव्हा तिला तात्पुरता नंबर मिळाला आणि सोबतच्या कागदावर शेवटची तारीख छापलेली होती. ती उलटायच्या आत वाहतूक संचालनालयाचं परिपत्रक निघालं आणि मुदत वाढली. पुढेही तसंच झालं. लोकांनी तात्पुरत्याला कायमचंच धरलं होतं.

२०१२च्या वसंतात तपासनाक्यावरच्या शिपायाने कागद उलटसुलट पाहिला.

"अबू मुनाफ, मे अखेर. या वेळी मुदत वाढणार नाही म्हणतात. मग गाडी आमच्या आवारात."

"असं दर वर्षी म्हणता."

"या वर्षी लेखी म्हटलंय."

कायमचा नंबर हवा, तर एक जुनी गाडी भंगारात देऊन तिचा दाखला जोडायचा, असा नियम होता. दाखले बाजारात विकतही मिळत, पण ती किंमत खुदैरच्या आवाक्यातली नव्हती. त्याच्या अंगणात ब्राझीलमध्ये बनलेली ऐंशीच्या दशकातली पासात उभी होती. २००६ पासून ती कोणी चालवली नव्हती. ती त्याच्या मुलाची, मुनाफची; त्याच्याच नावावरून लोक खुदैरला अबू मुनाफ, म्हणजे मुनाफचा बाप, म्हणत. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मुनाफ पायीच कामावर गेला आणि परतला नाही. प्रेत मिळालं नाही.

वाहतूक कचेरीबाहेर छत्रीखाली अर्ज लिहून देणाऱ्या फालिहने कागद चाळले.

"गाडी मुनाफच्या नावावर आहे. त्याने स्वतः यायला हवं."

"तो नाही."

"मग त्याचे वारस. वारसदाखल्याला मृत्यूचा हुकूम लागतो. बेपत्ता आहे ना? पाच वर्षं उलटून गेली. न्यायालय देतं."

"एवढं सगळं नंबरप्लेटसाठी?"

"प्लेट तर शेवटचं पान आहे. फाइल बरीच जाड होईल, खुदैर."

खुदैर मार्चमध्ये न्यायालयात गेला. दोन शेजाऱ्यांनी साक्ष दिली. हुकूम निघाला. त्यात मृत्यूची तारीख ऑगस्ट २००६ नव्हती. हुकूम ज्या दिवशी निघाला, तीच तारीख मृत्यूची ठरते, असं कारकुनाने सांगितलं. खुदैरची बायको नजीबा म्हणते, हुकूम निघाला तो मंगळवार होता. हुकुमावर बुधवार आहे. कागदाचं खरं मानायला हवं, पण हे लिहिताना तिचाही वार मी खोडलेला नाही.

त्या रात्री घरी कोणी रडलं नाही. नजीबाने डाळीचं सूप वाढलं आणि विचारलं, "आता काय लागतं?"

"वारसदाखला. मुनाफचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून वारस आपण दोघंच. मग गाडी भंगारात देताना तुझीही सही लागेल."

"माझी कशाला?"

"कायदा म्हणतो."

"कायद्याला माझी आठवण आज आली."

ती सही करते की नाही, यावर त्या पाच शिक्षिकांची वाहतूक आणि खुदैर-नजीबाचं घर चालणं, दोन्ही अवलंबून होतं. खुदैरने तिला आग्रह केला नाही. एप्रिल गेला, वारसदाखला हातात आला. मे अर्धा सरला. एके सकाळी त्याने मोटारीची किल्ली उचलली, तेव्हा नजीबा काळा पायघोळ अबाया घालून दाराशी उभी होती.

"चला. आज नाही आले तर परत येणार नाही."

वाहतूक कचेरीच्या खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्याने भंगारात देण्याचा अर्ज पुढे सरकवला. नजीबाने पेन उचललं नाही.

"बेटा, एक विचारू? तो आला तर?"

अधिकाऱ्याने मान वर केली. "आला तर न्यायालयात अर्ज करायचा, खाला. हुकूम रद्द होतो. तशी तरतूद आहे."

"आणि गाडी?"

"ती तोपर्यंत दाबून लोखंड झालेली असेल."

"म्हणजे तो परत येऊ शकतो, गाडी नाही."

"असंच, खाला."

खुदैर खिडकीवरच्या जाळीकडे बघत राहिला. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "खाला, सही करा नाहीतर बाजूला व्हा, ऊन वाढतंय." नजीबाने त्याच्याकडे वळून पाहिलंही नाही. तिने पूर्ण नाव लिहिलं, वडिलांचं आणि आजोबांचंही, अक्षरं एकेक करून, पहिलीच्या वर्गात शिकवतात तशी. मग शाईत अंगठा बुडवून ठसाही उमटवला. तो कोणी मागितला नव्हता.

पासात न्यायला ट्रॉली आली त्या सकाळी खुदैर शिक्षिकांना शाळेत पोचवायला गेला होता. ट्रॉलीवाल्याला दार नजीबाने उघडून दिलं. डिकीत काही आहे का, असं त्याने विचारलं. तिने "बघितलेलं नाही" म्हटलं आणि तो बघू लागला तेव्हा ती आत गेली.

मेच्या अठ्ठावीस तारखेला, मुदतीला तीन दिवस असताना, कायमची प्लेट बसली. पुढच्या सकाळी शिक्षिका गाडीत बसल्या. त्यांच्यातली थोरली, सित्त बुशरा, म्हणजे बुशराबाई, नवी प्लेट पाहून म्हणाली, "मुबारक, अबू मुनाफ. आता निश्चिंत."

"हो," तो म्हणाला, आणि गाडी चालू केली.