रुख्मिणीसाठी भरलेली कॅसेट

१९८८ सालच्या ऑगस्टची बारा तारीख. माणिकरावांनी आदिलाबादच्या बाजारात अठरा रुपये पन्नास पैशांना साठ मिनिटांची कोरी कॅसेट घेतली. वांग्याच्या दोन टोपल्या विकून हाती आलेल्या पैशातला बराच भाग तिच्यात गेला. रिकाम्या टोपल्या सायकलला बांधून ते आपल्या गावी, मावल्याला परत निघाले तेव्हा कॅसेट सदऱ्याच्या खिशात होती आणि डोक्यात सुधाकर.

मावल्यात माणिकरावांचा तीन एकरांचा मळा होता. वांगी, मेथी, टमाटे. शिक्षण दहावी नापास. बायको रुख्मिणी मात्र नागपूरला नर्सिंग शिकून आलेली, गावातल्या एका खासगी दवाखान्यात नोकरीला. लग्नाला चौदा वर्षे झाली होती. तिचा पगार मळ्याच्या उत्पन्नाहून जास्त आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होते, पण कोणी बोलून दाखवत नसे. उन्हाळ्यात हैदराबादला मुलाखत झाली आणि सौदी अरेबियातल्या एका इस्पितळात दोन वर्षांच्या करारावर तिची निवड झाली. विहिरीवर मोटर बसेल, मुलीचे, आशाचे, शिक्षण होईल, म्हणून माणिकरावांनीच होकार दिला होता. त्याच यादीत तिच्या दवाखान्यातला लॅब टेक्निशियन सुधाकर याचेही नाव आहे, हे त्यांना नंतर कळले.

सुधाकर इस्त्रीचे कपडे घालायचा, इंग्रजी बोलायचा. फॉर्म भरायला त्यानेच मदत केली होती. पण माणिकरावांना सलत होती ती वेगळीच गोष्ट. तो दारात उभा राहून सरळ हाक मारायचा, "रुख्मिणी सिस्टर, आहात का?" चौदा वर्षांत माणिकरावांनी बायकोचे नाव तोंडाने उच्चारले नव्हते. ती त्यांच्यासाठी 'आशाची माय' होती, त्याआधी नुसती 'अवो'. त्यांच्याकडे रीतच तशी. आणि हा परका माणूस ते नाव दिवसातून दहादा घेत होता.

परदेशी जाणाऱ्याबरोबर निरोपाची कॅसेट द्यायची पद्धत मावल्यात शेजारच्या भागाबाईने आणली. तिचा नवरा चार वर्षांपासून मस्कतला गवंडीकाम करायचा. त्यानेच पाठवलेला टेपरेकॉर्डर तिच्याकडे होता, आणि गल्लीतले लोक लागेल तेव्हा तो मागून नेत. भागाबाईने कॅसेटचे सगळे नियम समजावून सांगितले. लाल बटन आणि सुरू करायचे बटन एकदम दाबायचे. तोंड यंत्रापासून वीतभर लांब ठेवायचे. आरती, देवाचे नाव भरायचे नाही, कारण नवऱ्याच्या पहिल्या कॅसेटवर आरती होती आणि ती तिकडच्या विमानतळावरच काढून घेतली गेली. आणि भरून झाले की कॅसेटच्या पाठीवरचे दोन्ही प्लास्टिकचे खुंट मोडून टाकायचे, म्हणजे चुकून कोणी वरून दुसरे भरणार नाही.

"आन एक ध्यानात ठेवा, भाऊजी," ती म्हणाली. "ते मानूस एकच कॅसेट पन्नास खेपा ऐकते. पन्नास खेपा ऐकवन असंच बोला."

रुख्मिणी कागदपत्रांसाठी हैदराबादला गेली होती तेवढ्यात कॅसेट भरायचे ठरले. एका बाजूला माणिकरावांची आई गयाबाई बोलली. तिने तब्येतीला जप म्हणून सांगितले आणि मग विसरून म्हशीवर ओरडली, तेही भरले गेले. आशाने शाळेतली कविता म्हटली. दुसरी बाजू माणिकरावांची. ते टेपरेकॉर्डर मळ्यातल्या खोपीत घेऊन गेले. पुढे बसायच्या मोटरीसाठी आधीच ओढलेली तार तिथवर होतीच. दार लावून बसले.

सुरुवात त्यांनी बरी केली होती. पण आवाज बाहेर पडायला लागला तशी आतली मळमळ त्याच्यामागे चालत आली. विमानात सुधाकरच्या शेजारी बसू नको. त्याच्या हातचा चहा घेऊ नको. त्याला नाव घेऊन हाक मारू देऊ नको. तो दारात येतो तेव्हा तू पदर काऊन सारखा करते? पगाराचा हिशेब दर महिन्याला लिही, आणि कोणाच्या ड्युटीवर कोण होतं तेही लिही. मी अडाणी मळेकरी आहे, पण आंधळा नाही. असे नऊ-दहा मिनिटे चालले. बोलून झाल्यावर त्यांना पोट साफ झाल्यासारखे वाटले. त्यांनी विळ्याच्या टोकाने दोन्ही खुंट मोडले.

निघायच्या आदल्या दिवशी रुख्मिणी बॅग भरत होती. आंब्याचे लोणचे, ज्वारीच्या पिठाची पिशवी, दोन पांढरे गणवेश. कॅसेट तिने हातात घेतली, कानाशी हलवून पाहिली, आणि माणिकरावांच्या एका जुन्या सदऱ्यात गुंडाळली. तो सदरा तिने केव्हा काढून ठेवला होता कोण जाणे.

"तिथं शुक्रवारी सुट्टी रायते म्हनते," ती म्हणाली. "दर शुक्रवारी ऐकीन."

माणिकराव दारातून मळ्याकडे पाहू लागले. दर शुक्रवारी, दोन वर्षे. त्यांचाच सदरा उलगडून त्यांचीच ती कटकट. त्यांच्या कानात स्वतःचा आवाज वाजू लागला आणि तो त्यांना सुधाकरच्या आवाजापेक्षा वाईट वाटला.

वर नाव लिहायचे राहिले, असे सांगून त्यांनी कॅसेट परत मागितली. तिच्या औषधाच्या डब्यातून चिकटपट्टीचा तुकडाही घेतला. बोट कापलं का, असे तिने विचारले. ते तोवर दाराबाहेर पडले होते.

या वेळी खोपीपर्यंत जायला वेळ नव्हता. टेपरेकॉर्डर भागाबाईच्या घरी होता, तेव्हा तिच्याच ओसरीवर ते बसले. खुंट मोडल्यामुळे लाल बटन खाली जाईना. भागाबाईने मोडलेल्या भोकावर चिकटपट्टी लावली, कॅसेट गुंडाळून सुरुवातीला आणली, बटने दाबली आणि समोर बसून चहाच्या कपबश्या पुसू लागली.

माणिकरावांनी सांगितले की मळ्यात मेथी उगवली आहे. आशा तुझ्या जागेवर झोपते. तू गेल्यावर मी आईवर ओरडणार नाही. पुढे सुचेना. भागाबाई हळूच म्हणाली, "नाव घ्या ना, भाऊजी. लाजता काय आता?"

कपाळावरचा घाम पुसून त्यांनी जुळवले: "वांग्याच्या वाफ्यात पाण्याचा पाट, रुख्मिणीचं नाव घेतो, पाहतो तिची वाट." मग यंत्र बंद केले. कान तापले होते. सुधाकरने हजारदा घेतलेल्या नावापेक्षा हे एकदा घेतलेले भारी आहे, असे त्यांना वाटले. कॅसेट परत सदऱ्यात गेली.

दुसऱ्या दिवशी रुख्मिणी हैदराबादच्या बसमध्ये बसली. सुधाकरही होता, तीन सीट मागे. माणिकरावांनी ते मोजून पाहिले आणि तरीही समाधानाने घरी आले.

त्यानंतर तीन दिवसांनी ते वांग्यांना पाणी देत होते. एका वाफ्याचे तोंड मातीने बंद करून त्यांनी पाणी दुसऱ्याकडे वळवले. बंद केलेल्या वाफ्यात आधीच पुढे गेलेले पाणी मात्र आपले वाहतच राहिले. माणिकराव फावडे धरून तसेच उभे राहिले. नवे बोलणे होते चार मिनिटांचे. जुने होते नऊ-दहा. वरून भरल्याने जेवढे झाकले गेले तेवढेच पुसले. त्याच्या पुढचे सगळे, सुधाकरच्या चहापासून पदरापर्यंत, कॅसेटवर जसेच्या तसे होते. गोड नाव संपले की लगेच ते सुरू होणार.

रुख्मिणी त्या दिवशी मुंबईत होती, विमान दोन दिवसांनी. ते सायकलवर टांग टाकून तारघरात गेले. तारेचा कागद समोर घेतला. काय लिहावे? चार मिनिटांपुढे ऐकू नको? ते वाचून तर ती आधी तेवढेच ऐकेल. शिवाय खिडकीतला बाबू प्रत्येक शब्द मोजताना मोठ्याने वाचायचा. ते कागद कोरा ठेवून परतले.

दोन महिने गेले. पोहोचल्याचे चार ओळींचे पत्र आले, त्यात कॅसेटचा उल्लेख नव्हता. माणिकरावांचे जेवण कमी झाले. सुधाकरवरचा जळफळाट होता तसा होताच, त्यावर आपल्याच तोंडाची भीती बसली. गयाबाई म्हणायची, "बायको गेली विमानानं, आन हवा लागली याले."

दिवाळीच्या सुमारास निजामाबादच्या एका नर्सने सुट्टीवर येऊन टपालाने कॅसेट धाडली. रुख्मिणीने भरून पाठवलेली. त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. टेपरेकॉर्डर भागाबाईचाच मागून आणायचा होता, पण तिच्या ओसरीवर ऐकायची माणिकरावांची छाती होईना. चौकातल्या लक्ष्मणरावांच्या दुकानातून त्यांनी उधारीवर चार सेल आणले, यंत्रात घातले आणि खोपीत जाऊन दार लावले.

आधी आशासाठी निरोप होता, मग सासूसाठी. मग थोडा वेळ नुसती खरखर.

"आशाचे बाबा," रुख्मिणीचा आवाज आला. "माह्या खोलीत केरळच्या तीन पोरी हायेत. टेप त्याहीचा. तुमची कॅसेट सगळ्याहीनं संगं ऐकली. समजत तर कोनालेच नाई. पुढं तुमी जोरात बोलाले लागले तं त्या म्हने, तुहा नवरा पूजा सांगून राह्यला काय? मी म्हटलं, हो."

माणिकरावांनी डोळे मिटले.

"सुधाकर इथं नाई. त्याचं इस्पितळ दुसऱ्या शहरात हाये, बसनं दिवसभराची वाट. मले हे हैदराबादलेच मालूम होतं. तुमी इचारलं असतं तं सांगितलं असतं. तुमी मले इचारलं नाई, डब्बीले सांगितलं."

पुन्हा खरखर. नंतर तिचा आवाज बारीक झाला, वीतभराचा नियम मोडून यंत्राच्या अगदी जवळ आल्यासारखा.

"आता माहं ऐका. नाव घेतलं थे ऐकलं. पन त्याच्या मागं काचेच्या बांगड्या वाजून राह्यल्या होत्या. मायच्या हातात पाटल्या हायेत. आशा बांगड्या घालत नाई. आन 'लाजता काय' म्हनून कोन बोललं, थे बी मले समजते. चौदा वर्षांत एकडाव माहं नाव घेतलं, थे बी दुसरीच्या ओसरीवर बसून. काऊन? आपल्या घरी जागा नोती?"

कॅसेट कुरकुरत पुढे गेली, तिच्यावर आणखी काही नव्हते. माणिकरावांनी मागे नेऊन तो शेवटचा भाग पुन्हा ऐकला. मग पुन्हा. हातात फावडे, पायाला चिखल, अंगाला वांग्याच्या पाल्याचा वास. अशा माणसावरून कोणी समुद्रापलीकडे जळत बसेल हे त्यांच्या कधी मनात आले नव्हते. चौथ्यांदा ऐकताना ते चक्क हसले.

उत्तर त्यांनी तिथेच, त्याच कॅसेटच्या कोऱ्या बाजूवर भरले. यंत्र कोणाचे, चिकटपट्टी कशासाठी घेतली होती, बांगड्या कोणाच्या, सगळे सांगितले. सुधाकरबद्दल चुकलो असे म्हटले. पण तो सुट्टीवर येईल तेव्हा त्याच्या हाती काही पाठवू नको, असेही म्हटले, कारण ते मन काही एका कॅसेटने बदलणारे नव्हते. शेवटी खोपीत, दार लावून, कोणी समोर नसताना त्यांनी तिचे नाव घेतले. उखाण्याशिवाय, तीनदा. या वेळी त्यांनी खुंट मोडले, ते शेवटपर्यंत ऐकून झाल्यावरच.

टेपरेकॉर्डर परत द्यायला त्यांनी गयाबाईला पाठवले. स्वतः गेले नाहीत, आणि पुढच्या दोन वर्षांत भागाबाईच्या ओसरीवर चढले नाहीत. भागाबाईला त्याचे कारण कधी कळले नाही.

रुख्मिणी १९९० च्या सप्टेंबरात करार पुरा करून परत आली. लक्ष्मणरावांच्या दुकानातल्या चार सेलांचे चौदा रुपये माणिकरावांकडे अजून बाकी आहेत.