पाचव्या मंगलाष्टकाची दुसरी ओळ

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी, फरीदाबादच्या आमच्या घरात, पाचव्या मंगलाष्टकाच्या दुसऱ्या ओळीवरून आमचे जमेना. मंगलाष्टकांचे पत्रक छापणाऱ्याने बदल कळवायला चार वाजेपर्यंतची वेळ दिली होती.

मंगलाष्टके दोघी मिळून लिहीत होतो. मी वधूची मावशी. वर्तमानपत्राच्या डेस्कवर नोकरी केलेली. दुसरी वधूची आत्या, दिल्लीत हिंदूराव हॉस्पिटलजवळ राहणारी, गाणे शिकलेली. अंतरपाटामागे उभे राहून मंगलाष्टके म्हणणार होती तीच. वधूचे वडील, म्हणजे तिचा भाऊ, मुलगी शाळेत असताना गेले. पाचवे कडवे वधूच्या आईवडिलांवर होते.

माझ्या बहिणीने, म्हणजे वधूच्या आईने, मला एकच गोष्ट सांगितली होती. साखरपुड्यात गुरुजींनी वडिलांचे नाव विचारले तेव्हा तिला आतल्या खोलीत न्यावे लागले होते. "ताई, लग्नात मला शेवटपर्यंत उभं राहायचंय," ती म्हणाली होती. "तेवढं बघ."

मसुदा दोघींच्या फोनवर एकाच फाइलमध्ये होता. आदल्या आठवड्यात दोघींनी मान्य केलेल्या कडव्यात वडिलांचा उल्लेख नव्हता. दुसरी ओळ घरातल्या मायेबद्दल मोघम होती आणि दोघींनाही ती फिकी वाटत होती. आत्याने ते कडवे स्वतःच्या फोनमध्ये उतरवून मेट्रोत बदलले, मी घरी फाइलमध्येच बदलले. दुपारी तिने आपले कडवे माझ्या कडव्यावर चिकटवले आणि माझे दिसेनासे झाले. मी फाइलची जुनी प्रत उघडून माझे परत आणले. मग तिन्ही कडवी एकाखाली एक ठेवली: मान्य झालेले, तिचे, माझे.

पहिली ओळ तिन्हींत सारखी होती: "आईने जपली जिला निज करे, दारी उभी लाडकी." चौथी, "कुर्यात् सदा मंगलम्" ने संपणारी, तीही सारखी. त्या दोन्ही बाजूला ठेवल्या. भांडण मधल्या दोन ओळींचे होते.

माझी दुसरी ओळ: "एकाकी झिजली परी न ढळली, माया तिची बोलकी." तिसरी: "राहो हात शिरी तिचा नवघरी, यावी सुखे नेमकी."

आत्याची दुसरी: "बाबांची दिसते पुढे सतत ती, छाया जणू बोलकी." तिसरी: "त्यांचा हात शिरी असो नवघरी, यावी सुखे नेमकी."

आधी वृत्त तपासले. शार्दूलविक्रीडितात ओळीला एकोणीस अक्षरे, बाराव्या अक्षरानंतर श्वास. आत्याने चारही ओळी मांडीवर ताल धरून म्हटल्या. चारही बसल्या. वृत्ताने निकाल लागला नाही.

"मग एक तुझी, एक माझी," आत्या म्हणाली. "दुसरी तुझी घे, तिसरी माझी. चलो, संपलं."

तसे करून वाचले. तिसऱ्या ओळीतला "त्यांचा हात" कुणाचाच राहिला नाही. दुसऱ्या ओळीतून बाबा गेले होते. उलट जोडले तर बाबांची छाया आणि लगेच "तिचा हात", जणू छायेचाच. प्रत्येक जोडीतल्या दोन्ही ओळी एकाच हाताने बदललेल्या होत्या. घ्यायच्या तर जोडीने, नाहीतर दोन्ही मोडून नव्याने.

"माझी जोडी घे मग."

"आत्या, तिने सांगितलंय."

"तिने तुला सांगितलंय, मला नाही. माझा भाऊ आहे तो. त्याच्या मुलीच्या लग्नात त्याला एका ओळीचीही जागा नाही?"

"जागेचा प्रश्न नाहीये. ती कोसळली तर सगळ्यांसमोर कोसळेल."

"आणि तुझी ओळ ऐकून काय हसणार आहे ती? एकाकी झिजली!" आत्याने फोन पलंगावर टाकला. "एकाकी? वा, संपादकबाई! पोरीला शाळेतून रोज आणायला कोण जायचं? परीक्षेच्या वेळी कुणाकडे राहायची ती? मी काय शेजारीण होते?"

तिचे म्हणणे खरे होते आणि मला ते ठाऊक होते. ओळ लिहिताना ते माझ्या लक्षात आले नव्हते. डेस्कवर एखाद्याने असे वाक्य लिहून आणले असते तर मी ते कापले असते.

साडेतीन वाजता छापणाऱ्याचा फोन आला. "मैडम, चार बजे मशीन पे चढ़ा दूँगा. उसके बाद मत बोलना."

काम सुरू करताना आम्ही एक नियम ठरवला होता: एकमत झाले नाही तर शेवटची मान्य ओळ राहील. म्हणजे फिकी. मी नियमाची आठवण करून दिली.

"बिल्कुल," आत्या म्हणाली. "सगळ्यात वाईट ओळ छापा. दोघीही समाधानी."

"तिलाच विचारू."

"विचारलं तर ती नाहीच म्हणेल."

"विचारायचं नाही. तू म्हण, ती ऐकेल."

बहीण शेजारच्या खोलीत रुखवताच्या पेट्या भरत होती. हाक मारली तशी हातात चिकटपट्टी घेऊनच आली. आत्याने आधी माझे कडवे चालीत म्हटले, मग स्वतःचे. कोणते कुणाचे ते सांगितले नाही. दुसऱ्या कडव्यात "बाबांची" आले तेव्हा बहिणीने दाराच्या चौकटीला हात टेकला. मी उठले. तिने मला हाताने थांबवले.

"वन्सं, परत म्हणा."

आत्याने परत म्हटले.

"सतत?" बहीण म्हणाली. "सतत दिसते? अहो, जिवंत असताना कुठे सतत दिसायचा तो? महिन्यातले पंधरा दिवस टूरवर."

आत्या हसली. बहीणही हसली आणि डोळे पुसले. उभीच होती.

"पहिल्यातलं एकाकी काढा. वराकडच्यांना वाटेल, बिचारी," ती म्हणाली. "त्याला ठेवा. पण असं अचानक समोर नको. कुठे येणार ते मला आत्ता कळू दे, मग उद्या मी तयार असेन." एवढे बोलून ती पेट्यांकडे परत गेली.

"एकाकी" आणि "सतत", दोन्ही शब्द पडले. दोघींच्या दुसऱ्या ओळी श्वासाच्या जागी तोडल्या. शेवटची सात अक्षरे माझी ठेवली, "माया तिची बोलकी", कारण त्यातली "तिची" पहिल्या ओळीतल्या आईला धरून होती. आधीची बारा आत्याने नव्याने बसवली. पहिले दोन प्रयत्न अडखळले. एकात अक्षर जास्त होते, दुसऱ्यात श्वास शब्दाच्या मध्येच येत होता. तिसरा बसला: "बाबांची स्मृति ती उरात धरुनी, माया तिची बोलकी." तिसऱ्या ओळीत आता "तिचा"ही चालेना आणि "त्यांचा"ही. मी "दोघांचा" सुचवले. आत्याने ओळ पूर्ण केली: "दोघांचा कर तो शिरी नवघरी, यावी सुखे नेमकी."

पलीकडच्या खोलीत जाऊन बहिणीला कडवे दोनदा म्हणून दाखवले. तिने पेटी बांधता बांधता ऐकले आणि मान हलवली.

छापणाऱ्याला फोन लागला तेव्हा चार वाजून गेले होते. "मैडम, निकल गया," तो म्हणाला.

पत्रकावर त्याच्याकडे आधीच पाठवलेली फिकी ओळ छापली गेली. दुसऱ्या दिवशी अंतरपाटामागे आत्याने नवे कडवे म्हटले. पत्रक हातात धरून म्हणणाऱ्या दोघातिघांचा आवाज दुसऱ्या ओळीला थांबला. "बाबांची" आले तेव्हा बहिणीने अक्षतांची मूठ घट्ट केली. आठवे कडवे संपून अंतरपाट दूर झाला तेव्हा ती मुलीच्या मागे, होती त्याच जागी उभी होती.