नाव घेता येत नाही ते तेल

बल्लारपूरच्या तहसीनला एक खोड होती. कोणी दिलेली वस्तू रांधताना देणाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय ती कढईला हात लावत नसे. आजीनं लावलेली शिस्त. "हे वांगे ब्रह्मपुरीच्या कलाबाईनं धाडले," असं मोबाइलसमोर सांगायचं आणि मग फोडणी. तिच्या झाडीबोलीतल्या रीलवर लोक जीव टाकत ते या नावांपायी. आपलं नाव येईल म्हणून माणसं पालकाची जुडीसुद्धा नटवून पाठवत.

अशा बाईनं तेलाच्या कंपनीशी करार करावा म्हणजे आपल्या पायावर आपणच धोंडा. पण करार चांगला होता. नागपूरच्या एजन्सीतल्या दिव्यानं फोनवर एकेक कलम समजावलं होतं. तीन महिन्यांत चार रील. प्रत्येक आधी कंपनीला दाखवायची, मंजुरी आली की टाकायची. सुरुवातीलाच मराठीत, ठळक 'जाहिरात' लिहायचं. मुदतीत दुसरं कुठलंही खाद्यतेल दाखवायचं नाही. काही पैसे सहीला, काही दुसऱ्या रीलनंतर, बाकीचे शेवटी. तहसीननं मान डोलवून सही केली. मान डोलवताना तिच्या मनात दुकानातली तेलं होती.

दुसरी रील झाली आणि पैशांऐवजी नोटीस आली. मधल्या आठवड्यात तिनं कारल्याची भाजी टाकली होती, आणि पहिलंच वाक्य होतं, "हे टोरीचं तेल सोमारीबाईनं देल्लं."

सोमारीबाई गडचिरोलीकडच्या जंगलातली. मोहाच्या बिया, म्हणजे टोरी, वेचून ती तेल काढते. आठवडी बाजारात तहसीनचे अब्बा नूर मोहम्मद बांगड्या मांडत, त्यांच्या शेजारी तिचं फडकं. अब्बा गेले तरी दर थंडीत एक बाटली तहसीनच्या घरी येते. पैसे द्यायचं नाव काढलं की ती तोंड फिरवते.

"दिव्याताई, ते का ब्रँड हाय?" तहसीन अंगणात येरझारा घालत होती. "पाण्याच्या बाटलीत भरलेलं तेल. मी पैसा नाई घेतला."

"कलमात सुटं आणि फुकट मिळालेलंही धरलंय, ताई. पुढच्या करारात आपण सूट मागू. आत्ता मात्र सात दिवसांत दुरुस्त केलं तर करार टिकतो. व्हिडिओ मिटवू नका, नुसता लपवून ठेवा. मुदत संपली की परत दाखवा."

तोडगा सरळ होता. तहसीननं बोट टेकवलं, व्हिडिओ दिसेनासा झाला, अडलेला हप्ताही आला. तिला मात्र चैन पडेना. भांडं घासता घासता ती फोन उघडून ती रिकामी जागा बघे. काही चोरलं नव्हतं, तरी चोरट्यासारखं वाटत होतं.

तिसऱ्या रीलमध्ये ती खोडीवर गेलीच. वर 'जाहिरात' लिहिलेलं होतं, आणि खाली ती म्हणाली, "हे तेल कंपनीनं देल्लं, आन् दाखवाचे पैसेही देल्ले." कंपनीनं कळवलं, वाक्य काढा, विक्रीला बाधतं. तहसीन अडून बसली. दिव्यानं कंपनीलाच करार दाखवला. पैसे घेतल्याचं लपवू नये ही जबाबदारी तहसीनवर टाकलेली होती, आणि ती स्वतःहून जास्त स्पष्ट सांगत असेल तर हरकत कशाची? वाक्य राहिलं. तहसीनला दोन दिवस बरं वाटलं, मग ती पुन्हा फोन उघडून ती रिकामी जागा बघू लागली. कंपनीचं नाव घेता येत होतं. सोमारीबाईचं नव्हतं.

शेवटी ती बाजारात गेली. तिनं काही बोलण्याआधीच सोमारीबाईनं पिशवीतून या थंडीची बाटली काढली. थंडीनं तेल थिजून पांढरं झालं होतं.

"बाई, तुमचा व्हिडिओ म्या लपवला," तहसीन म्हणाली, आणि सगळं सांगून मोकळी झाली.

सोमारीबाईनं ऐकून घेतलं. "माह्या नातीनं सांगतलं होतं, दिसून नाई राह्यला म्हणून." मग म्हणाली, "मंग माह्यं तेल तू खाशीन, पण सांगशीन नाई."

त्यात राग नव्हता. सोमारीबाईनं बाटली तिच्या हातात दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

घरी आल्यावर तहसीननं ती वरच्या फळीवर ठेवली. लोकांसमोर नाव घेता येत नाही तोवर ते घरच्या कढईतही घालायचं नाही. मुदत संपायला अजून महिना आहे. घरचं जेवण कंपनीच्या तेलात होतं, आणि ती रोज मान वर करून बघते. ऊन तापू लागलंय, बाटलीतलं तेल वितळलंय. झाकण अजून तिनं उघडलेलं नाही.